जेझवेमधली तुर्की कॉफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कॉफी होते कशी, ते आधी थोडक्यात सांगाल?

वस्त्रगाळ पुडीसारखी बारीक दळलेली कॉफी, हवी असल्यास साखर आणि थंड पाणी असं सगळं एकदमच छोट्या, लांब दांड्याच्या भांड्यात घालायचं. एकदा नीट ढवळायचं आणि मंद आचेवर ठेवायचं. तीन-चार मिनिटांत वर दाट, तपकिरी फेस चढू लागतो. तो गळ्याशी आला की उकळी फुटायच्या आत भांडं उतरवायचं आणि न गाळता कपात ओतायचं. गाळ तळाशी बसला की वरची कॉफी प्यायची.

'उकळून केलेली कॉफी' अशी तिची ओळख करून दिली जाते आणि बहुतेकांचा पहिला घोटाळा तिथेच होतो. फेस उकळीमुळे येत नाही. तो उकळीच्या आधी येतो आणि उकळीने मरतो. खाली जी काही उत्तरं आहेत, त्यातली निम्मी या एका गोष्टीपाशीच येऊन थांबतात.

खास भांडंच लागतं का? चहाच्या पातेल्यात चालणार नाही?

कॉफी होईल, फेस होणार नाही. तुर्कस्तानात या भांड्याला जेझवे म्हणतात. ग्रीसमध्ये ते ब्रिकी, बोस्नियात जेझवा, लेबनॉन-सीरियाकडे रकवे. नावं बदलली तरी घडण तीच: बूड रुंद, वर येता येता गळा आवळलेला, काठ किंचित बाहेर वळलेला आणि ओतायला एक चोच. खालून वर येणारा फेस त्या अरुंद गळ्यात दाटतो, म्हणून त्याला जाडी येते. चहाच्या पातेल्यात तोच फेस पसरतो, पातळ होतो आणि फुटून जातो.

भांड्याचा आकार कपांच्या संख्येला जुळला पाहिजे. कॉफी आणि पाणी घातल्यावर पातळी गळ्याच्या थोडी खाली यायला हवी. चार कपांच्या जेझवेत एकाच कपाची कॉफी केली तर ती बुडाशीच राहते आणि गळ्याचा काही उपयोग होत नाही. घरात दोघंच पिणारे असतील तर दोन कपांचं भांडं घ्या. पाहुण्यांसाठी म्हणून मोठं आणलं की रोजची कॉफी बिघडते.

तांब्याचं घ्यावं की स्टीलचं?

तांब्याचं. तांबं उष्णता झटकन आणि सगळीकडे सारखी पोचवतं. पातळ स्टीलच्या भांड्यात बुडाचा मधला भाग तापतो, तिथली कॉफी आधी उकळते आणि फेसाच्या मधोमध भोक पडतं. जाड बुडाचं स्टील त्यातल्या त्यात बरं.

मात्र तांब्याच्या किंवा पितळेच्या जेझवेला आतून कल्हई असायलाच हवी. आपल्या आजीच्या पितळी पातेल्याला असायची तीच, कथलाची. कॉफी आम्लधर्मी असते, उघड्या तांब्यात ती तापवणं योग्य नाही. बाजारात शोभेची जेझवे पुष्कळ मिळतात, त्यांना आत नुसतं चकचकीत लाखेचं पॉलिश असतं. ती शोकेसमध्येच राहू द्यावीत.

कल्हईला दोन गोष्टी सोसत नाहीत. पहिली म्हणजे रिकामं भांडं आचेवर राहणं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि गॅसवरचं कोरडं भांडं तिथवर जायला फार वेळ लागत नाही. पाणी आत असेपर्यंत धोका नसतो. दुसरी म्हणजे तारेची घासणी. आतून मऊ स्पंज फिरवायचा. चिंच-मिठाने चकाकी आणायची हौस बाहेरच्या बाजूवर भागवायची. आत लालसर तांबं दिसू लागलं की पुन्हा कल्हई करायची वेळ झाली. नवसागराचा धूर काढत दारात बसणारे कल्हईवाले आता क्वचितच दिसतात, पण जुन्या बाजारपेठांत तांबटांच्या दुकानी विचारलं तर अजून पत्ता लागतो.

कोणती पूड घ्यायची? घरात फिल्टर कॉफीची आहे, ती चालेल?

नाही, आणि त्याची कारणं दोन. फिल्टर कॉफीची पूड या कामासाठी फारच जाड असते. ती गाळण्यासाठीच दळलेली असते. जेझवेत तिचे कण तळाशी बसण्याऐवजी तरंगत राहतात आणि प्रत्येक घोटाला दातांत येतात. शिवाय त्यात बहुधा चिकोरी असते. चिकोरीमुळे रंग गडद होतो, चवीला जडपणा येतो, पण तुर्की कॉफीत जी कॉफीची स्वतःची चव लागायला हवी ती दबते. इन्स्टंटचा तर प्रश्नच नाही. ती विरघळते, म्हणजे मुळात गाळच उरत नाही.

इथे एस्प्रेसोपेक्षाही बारीक दळण लागतं. चिमूट दोन बोटांत चोळून पाहा. रवाळ लागली तर जाड आहे. मैद्यासारखी गुळगुळीत लागली आणि बोटांच्या रेषांमध्ये बसून राहिली, तर बरोबर आहे.

घरचं मिक्सर हे काम नीट करत नाही. त्याचं पातं दाणे कापतं, दळत नाही. मग काही भूगा पिठासारखा होतो, काही रव्यासारखा राहतो. जास्त वेळ फिरवलं तर भांडं तापतं आणि सुगंध तिथेच उडून जातो. अगदीच करायचं असेल तर थांबून थांबून फिरवा आणि मलमलच्या फडक्यातून चाळा. जमतं, पण एका कपासाठी इतका उपद्व्याप कोण करणार? तुर्कस्तानात यासाठी पितळेच्या लांबट हातगिरण्या असतात. आपल्याकडे सोपा मार्ग असा की कॉफी भाजून विकणाऱ्याकडून चिकमगळूर किंवा कुर्गची, मध्यम भाजलेली, चिकोरीविरहित अरेबिका घ्यायची आणि 'टर्किश ग्राइंड' सांगून दळून आणायची. बहुतेकांना हे दळण ठाऊक असतं.

आणताना थोडीच आणा. एवढं बारीक दळलेल्या कॉफीचा सुगंध फार लवकर जातो. हवाबंद डब्यात, ओट्यावरच्या उजेडापासून आणि गॅसच्या उष्णतेपासून दूर ठेवली तर दोन-तीन आठवडे चांगली राहते. त्यानंतर चव असते, पण फेस कमी होत जातो.

प्रमाण किती?

माप कपाचंच. ज्या कपात पिणार, त्याच कपाने थंड पाणी मोजून जेझवेत ओतायचं. तुर्की कप, म्हणजे फिंजान, साधारण ६५ ते ७५ मिलिलिटरचा असतो. असा कप घरात नसेल तर सर्वांत लहान कप काढा. एका कपाला ७ ग्रॅम पूड लागते, म्हणजे चहाचे दोन भरलेले चमचे. फिल्टर कॉफी पिणाऱ्यांना हे जास्त वाटतं, आणि मग हात आखडता घेतला जातो. पूड कमी पडली तर फेस धरत नाही, कारण फेसाला आधार त्या बारीक कणांचाच असतो.

साखर सुरुवातीलाच, पाण्यासोबत. कपात ओतल्यावर साखर घालून ढवळलं तर खाली बसत चाललेला सगळा गाळ वर येतो. म्हणूनच तुर्की घरांत कॉफी टाकण्याआधी प्रत्येकाला विचारतात: सादे (बिनसाखरेची), अझ शेकेरली (कमी गोड), ओर्ता (मध्यम) की शेकेरली (गोड)? आपल्या मापाने एका कपाला मध्यम म्हणजे एक सपाट चमचा, कमी म्हणजे त्याच्या निम्मी.

एक उदाहरण घेऊन सगळी कृती सांगा.

दोघांसाठी, मध्यम गोड करू.

दोन कप थंड पाणी जेझवेत ओता, साधारण १४० मिलिलिटर. त्यावर १४ ग्रॅम पूड आणि दोन सपाट चमचे साखर. आता ढवळा, आणि गॅस अजून पेटवलेला नाही हे लक्षात ठेवून ढवळा. पूड पाण्यावर कोरडी तरंगते, तिच्या गुठळ्या मोडायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. सगळं एकजीव, मळकट चॉकलेटी दिसू लागलं की चमचा बाजूला ठेवा. यापुढे तो जेझवेत ढवळण्यासाठी घालायचा नाही.

सर्वांत लहान बर्नर, सर्वांत बारीक आच. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही आणि नेमकं त्याच वेळी आच वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. मग पृष्ठभागावर कडेकडेने एक गडद कडं दिसू लागतं. ते हळूहळू आत सरकतं आणि पृष्ठभाग किंचित फुगतो. आता नजर हटवायची नाही, हात दांड्यावर असू द्या. मधला भाग अजून सपाट आणि काळसर असतो, कडेचा फेस त्यावर चालून येत असतो. कडं मधोमध मिटत आलं आणि सगळा फेस एकत्र वर चढू लागला की तत्क्षणी भांडं उचला. मधून एखादा मोठा बुडबुडा फुटून बाहेर आला, तर दोन-तीन सेकंद उशीर झाला असं समजा.

उचलल्यावर चमच्याने वरचा फेस काढून दोन्ही कपांत थोडा थोडा वाटा. जेझवे पुन्हा आचेवर ठेवा, दहा-पंधरा सेकंद, कॉफी परत चढू लागेपर्यंत. मग कपाच्या कडेने, अगदी सावकाश, बारीक धार धरून ओता. धार जोराची असली तर आधी घातलेला फेस बुडतो. दोन्ही कप एकदम भरू नका. निम्मा एक, निम्मा दुसरा, मग परत पहिला, म्हणजे गाळही सारखा वाटला जातो.

एकाला गोड आणि दुसऱ्याला बिनसाखरेची हवी असेल तर एका जेझवेत दोन्ही होत नाहीत. आधी बिनसाखरेची करायची, मग त्याच भांड्यात गोड. उलटं केलं तर मधे धुवावं लागतं.

पण हा फेस येतो कशामुळे?

भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. पूड ओली होऊन तापू लागली की तो सुटतो आणि बारीक बारीक बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो. कॉफीतून पाण्यात उतरलेले काही घटक त्या बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात आणि पिठासारखे बारीक कण तो पापुद्रा घट्ट करतात. बुडबुडे लहान असेपर्यंत फेस टिकतो.

पाणी उकळू लागलं की वाफेचे मोठे बुडबुडे खालून येतात आणि हे सगळं फोडत बाहेर पडतात. भांड्यात काही क्षण भरपूर फेस दिसतो, पण तो साबणाच्या पाण्यासारखा पोकळ असतो आणि कपात पडेपर्यंत विरतो. शिळ्या पुडीत वायूच उरलेला नसतो, त्यामुळे कितीही निगुतीने करा, फेस जेमतेम येतो. आणि पाणी आधीच गरम असेल तर हा सगळा प्रकार उरकायला पुरेसा वेळच मिळत नाही, म्हणून थंड पाणी.

माझ्याकडे फेस येतच नाही. चुकतंय काय, ते कसं ओळखू?

फेस अजिबातच नाही आणि कॉफीला वासही मंद आहे: पूड शिळी. दुसरी आणा, बाकी काही बदलू नका.

फेस चढतो पण कपात पोचत नाही: आच मोठी होती किंवा उचलायला उशीर झाला. चवीत जळकट कडूपणा असेल तर हीच खूण पक्की.

फेसात काळे ठिपके आणि गुठळ्या दिसतात: सुरुवातीचं ढवळणं अपुरं. पातळ थर येतो आणि पिताना कण लागतात: दळण जाड. ही कुठलीच लक्षणं नसतील तर भांड्याकडे पाहा, ते कपांच्या मानाने मोठं असणार.

तीन-चार मिनिटांऐवजी कॉफी एक-दीड मिनिटात चढली असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही ती पाणचट लागते. आच कमी करा. आपल्या गॅसचा लहान बर्नरही कधी कधी जास्तच असतो. अशा वेळी त्यावर पापड भाजायची जाळी ठेवा आणि जाळीवर जेझवे. आच पसरते, आणि बर्नरच्या फाकलेल्या दांड्यांवर छोटं भांडं कलंडत होतं तेही थांबतं.

तीन वेळा चढवायची असते असं ऐकलंय.

काही घरांत तशी पद्धत आहे, अरब प्रदेशांत तर चांगलीच रूढ आहे, आणि तिथे फेसापेक्षा कडकपणाला किंमत असते. तसं हवं असेल तर जरूर करा. पण दाट फेस हवा असेल तर एकदा चढवायची, फेस वाटायचा, दुसऱ्यांदा जेमतेम चढवायची आणि ओतायची. तिसऱ्या फेरीत फक्त कडूपणा वाढतो.

इंडक्शनवर होते का? आणि वाळूत करतात ते?

तांबं आणि पितळ इंडक्शनवर तापत नाही. लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचं स्टील जेझवे घ्यावं लागतं, तेही शेगडीने 'भांडं ओळखलं' तर. बूड लहान असल्याने पुष्कळ शेगड्या ओळखतच नाहीत. त्यावर मिळणारी लोखंडी चकती मधे ठेवली की काम होतं.

तापलेल्या वाळूत जेझवे रुतवून करायची पद्धत दिसायला सुरेख आहे. तिचा फायदा असा की भांडं किती खोल रोवायचं यावर आच ठरते आणि उष्णता बाजूंनीही लागते. दुकानात एकापाठोपाठ एक कॉफी काढायची असेल तर ते सोयीचं. घरी त्यासाठी वाळू तापवत बसू नये.

गाळ प्यायचा का? सोबत पाणी का देतात?

गाळ प्यायचा नाही. कप हातात आल्यावर दोन मिनिटं थांबा, मग लहान लहान घोट घ्या आणि जीभ खरखरीत लागली की थांबा. कपाचा तळातला चतुर्थांश भाग गाळाचाच असतो. पाणी कॉफीच्या आधी प्यायचं, तोंड स्वच्छ व्हावं म्हणून. सोबत बहुधा लोकुम या मऊ तुर्की मिठाईचा एखादा तुकडा असतो.

प्यायल्यावर कप बशीवर उपडा घालून गाळाच्या नक्षीतून भविष्य सांगायची हौसही तिकडे जोरात आहे. विश्वास कितपत ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, गप्पा मात्र लांबतात. आणि मुलगी बघायला आलेल्यांना तिनेच केलेली कॉफी द्यायची, त्यात नवऱ्यामुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालायचं, असा रिवाज आहे. त्याने तोंड वाकडं न करता ती संपवायची असते. आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला एवढी मुभा कुठे असते!

वेलची, दूध?

वेलची अरब देशांतली. पुडीतच चिमूटभर मिसळली तर छान लागते. इस्तंबूलमध्ये साधी कॉफी मागितली तर तिच्यात वेलची नसते. दुधातही करतात, पण दूध उतू जायची तऱ्हा वेगळी आणि कॉफी चढायची वेगळी, दोन्ही एकाच वेळी सांभाळणं नवख्याने टाळावं.

कोलेस्टेरॉल वाढतं म्हणतात, खरं आहे?

न गाळलेल्या कॉफीबाबत खरं आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाचे घटक असतात आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढवू शकतात. कागदाच्या गाळणीत ते बहुतांशी अडकतात. जेझवेच्या कॉफीत गाळणीच नसते, त्यामुळे ते कपात येतात. अधूनमधून एखादा कप घेणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच जास्त आहे आणि जे दिवसाला तीन-चार कप घेतील, त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि रोजची कॉफी गाळलेली घ्यावी.

ही तुर्की, ग्रीक की बोस्नियाई?

हा प्रश्न अथेन्समध्ये विचारू नका. ऑटोमन साम्राज्य जिथे जिथे पसरलं तिथे तिथे ही पद्धत गेली आणि मुरली. इस्तंबूलच्या तहताकले भागात १५५४-५५ च्या सुमारास अलेप्पोचा हाकेम आणि दमास्कसचा शेम्स या दोघांनी कॉफीची दुकानं थाटली, असं ऑटोमन इतिहासकार पेचेवी याने नोंदवलं आहे. ग्रीसमध्येही पूर्वी लोक तुर्की कॉफीच म्हणत. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसवर सैन्य उतरवल्यानंतर 'ग्रीक कॉफी' हे नाव पक्कं झालं. युनेस्कोने २०१३ मध्ये तुर्की कॉफीच्या परंपरेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

बोस्नियाची कृती मात्र खरोखर वेगळी आहे. तिथे पाणी आधी उकळतात, त्यातलं थोडं बाजूला काढतात, जेझवातली पूड जराशी तापवून त्यावर उकळतं पाणी ओततात आणि फेस चढला की बाजूला काढलेलं पाणी घालतात. कॉफी जेझवासकटच पुढ्यात येते, आणि साखरेचा खडा कॉफीत बुडवून, त्याचा कोपरा चावून, वर घोट घ्यायचा असतो.

उरलेली कॉफी पुन्हा गरम करता येते का?

नाही. फेस परत येत नाही आणि गाळ दुसऱ्यांदा शिजून कॉफी कडू होते. प्यायला जितके कप हवेत तितकीच करायची, आणि नंतरचा गाळ मोरीत ओतण्याऐवजी कुंडीत टाकायचा. इतकी बारीक पूड मोरीच्या पाइपात चिखलासारखी बसते.